कोल्हापुरी चपलांचं एलपीपी: माझं उत्तर ८००० का येतंय?

प्रश्न: गणिताचा फोटो जोडलाय. साध्या जोडाला ३ तास कटिंग, १ तास शिलाई. वेणीच्या जोडाला दोन्ही २-२ तास. आठवड्याला कटिंग ६० तास, शिलाई ४० तास. नफा २०० आणि २५० रुपये. माझं उत्तर ८०००, पुस्तकात ५७५०. कोण चुकलं?

उत्तर: पुस्तक बरोबर आहे, तुम्ही (40, 0) हा बिंदू धरलाय आणि तो छायांकित भागाच्या बाहेर पडतो. साधे जोड x आणि वेणीचे जोड y धरले, तर फोटोतल्या तासांवरून मर्यादा अशा होतात:

3x + 2y ≤ 60
x + 2y ≤ 40
x, y ≥ 0

(40, 0) शिलाईच्या रेषेवर आहे खरा, पण त्याला कटिंगचे १२० तास लागतील. प्रत्येक रेषेत (0, 0) घालून बघा: दोन्ही अटी पाळल्या जातात, म्हणून छटा मूळबिंदूच्या बाजूला, आणि दोन्ही छटा जिथे एकमेकींवर येतात तेवढाच भाग आपला. बारावीला शिकवताना ही चूक मला दरवर्षी दिसते. मुलं अक्षांवरचे चारही छेदबिंदू तपासतात आणि रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू काढतच नाहीत. वजाबाकी केली की 2x = 20, म्हणजे (10, 15). आता Z = 200x + 250y:

(0, 0) → 0
(20, 0) → 4000
(0, 20) → 5000
(10, 15) → 5750

इथे कोपरा पूर्णांकात आला हे नशीब. अपूर्णांकात आला असता, तर अर्धा जोड विकता येत नाही, म्हणून छायांकित भागातले जवळचे पूर्णांक बिंदू वेगळे तपासावे लागले असते.