एसीचं बिल काढताना वॅटवर थांबू नका

एसीचे महिन्याचे युनिट सहसा असे काढतात: 1500 वॅट गुणिले रोजचे 8 तास गुणिले 30 दिवस, भागिले 1000, म्हणजे 360 युनिट. हा हिशेब बरोबर आहे, पण हा आकडा एसी सतत पूर्ण जोरात चालला तरचा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की वेग कमी करतो.

म्हणून स्टारच्या लेबलवरचे वार्षिक युनिट बघा. ते 1600 तासांचे असतात. समजा 800 लिहिलेत, तर तासाला अर्धा युनिट, महिन्याच्या 240 तासांना 120. खरा खर्च बहुधा या दोन्हींच्या मधे. खोली तापलेली असेल किंवा 18 वर लावून झोपत असाल, तर 360 कडे सरकणार.

खात्रीसाठी झोपताना आणि उठल्यावर मीटर वाचा, एसीविना एका रात्रीचे युनिट वजा करा. दर मात्र बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा धरा, सरासरी नको. एसीचे युनिट बहुतेक त्याच टप्प्यात पडतात.