जुना फोल्डर नव्यावर पडला तेव्हा

प्रश्न: दुकानातल्या बिलिंगच्या फोल्डरवर कुणीतरी जुना फोल्डर कॉपी करून टाकलाय. रिसायकल बिनमध्ये काहीच नाही. सगळी बिलं गेली का? तुमच्या पाहण्यात असं कुणाचं झालं असेल तर पुढं काय झालं ते सांगा.

उत्तर:

सगळी गेली असं लगेच धरू नका. एका फोल्डरवर त्याच नावाचा दुसरा टाकला की विंडोज दोन्ही एकत्र करतं. ज्या नावाची फाइल दोन्हीकडे आहे ती जुनी होऊन बसते, आणि जी फक्त चालू फोल्डरमध्ये होती तिला हात लागत नाही. म्हणजे अर्धं जुनं, अर्धं नवं. माझ्या मते हे सगळं जाण्यापेक्षा वाईट, कारण सॉफ्टवेअर न कुरकुरता चालू होतं आणि चुकीची बिलं काढत राहतं.

निपाणीतल्या एका हार्डवेअर दुकानात हेच झालं होतं. मी त्या भागात दुकानांची कॉम्प्युटरची कामं करतो. दुकान पाइप-फिटिंगचं, गिऱ्हाईक निम्मं इकडचं आणि निम्मं कागल-मुरगूडकडचं. दिवाळीआधी दुकानाचे मालक अण्णा बॅकअप घ्यायला बसले. एका खिडकीत पेन ड्राइव्हवरचा `DATA`, दुसऱ्या खिडकीत कॉम्प्युटरचा `DATA`. पेन ड्राइव्हवरचा होता जून अखेरचा. अण्णांनी नेमका तोच सिलेक्ट करून कॉम्प्युटरवर पेस्ट केला. विंडोजनं विचारलं, पण काय विचारलं? "from DATA to DATA". दोन्हीकडे नाव एकच. खाली "Replace the files in the destination". दर वेळी बॅकअप घेताना हाच प्रश्न येतो आणि दर वेळी ते हेच दाबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण उलट्या आणि सुलट्या दिशेला पडद्यावर दिसतं अगदी सारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, सॉफ्टवेअर उघडलं, बिल निघालं. नंबर आला ११८८. आदल्या संध्याकाळचं शेवटचं बिल १९६४ होतं, पण गर्दीत कुणी बघितलं नाही. तिसरं बिल बेनाडीच्या एका नळकामाच्या ठेकेदाराचं, उधारीवर. नवीन गिऱ्हाईक म्हणून नाव टाकलं, जीएसटी नंबर टाकला, बिल छापलं. खाली छापून आलं: मागील बाकी ११,८००.

"मी पहिल्यांदाच येतोय की तुमच्याकडं!" ठेकेदार म्हणाला. मग मला फोन आला.

मी गेल्यावर ती मागील बाकी कुठल्या बिलाची ते काढलं. बिल ऑगस्टचं, दहा हजारांचा माल आणि वर १,८०० रुपये आयजीएसटी. ठेकेदाराचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकातला. कर्नाटकातल्या दुकानातून त्याला इथंच माल दिला तर ९०० सीजीएसटी आणि ९०० एसजीएसटी लागायला हवा. आयजीएसटी लागलाय म्हणजे ते बिल पलीकडच्या महाराष्ट्रातल्या, २७ नंबरवाल्या माणसाचं. उलगडा तिथं झाला. बिलाच्या फाइलीत गिऱ्हाइकाचं नाव नसतं, फक्त कोड असतो, आणि नावं वेगळ्या फाइलीत. जूनअखेर २१३ गिऱ्हाइकं होती. जुलैत २१४ हा कोड कागलच्या एका दुकानदाराला मिळाला होता. नावांची फाइल जुनी झाल्यावर तो गायब झाला आणि सॉफ्टवेअरनं २१४ परत वाटला, बेनाडीच्या माणसाला.

"अण्णा, आता एकही बिल कॉम्प्युटरवर करू नका. हातानं कच्ची चिठ्ठी द्या," एवढं पहिल्यांदा सांगितलं. मग आहे तो बिघडलेला फोल्डर जसाच्या तसा वेगळ्या नावानं दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवला आणि तारखा बघितल्या:

```
dir /t:w C:\BILL\DATA
```

कॉपी केलेल्या फाइलीला तिची मूळ बदलाची तारीखच राहते, त्यामुळे कोणती फाइल जुनी पडली ते इथं कळतं. `SALE07.DBF` ते `SALE10.DBF` या महिन्यामहिन्याच्या बिलांच्या फाइली शाबूत होत्या, कारण जूनच्या बॅकअपमध्ये त्या नव्हत्याच. वसुलीची `RCPT.DBF` मात्र वर्षभराची एकच, आणि तिच्यावर ३० जून. म्हणजे बिलं सगळी आहेत आणि जुलैपासूनची जमा गेली. प्रत्येक गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा जास्त देणेकरी दिसणार! `PARTY.DBF` वर मात्र आजची तारीख होती, कारण सकाळी त्यात नवीन नाव पडलं. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी तारखा बघितलेल्या बऱ्या. उघडून काम सुरू झालं की खुणा पुसायला लागतात.

फाइली परत मिळवायचा प्रयत्न केला, पण फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये "Previous Versions" रिकामं होतं. सिस्टीम प्रोटेक्शन किंवा फाइल हिस्टरी आधीपासून चालू असेल तरच तिथं काही सापडतं. रिसायकल बिनमध्ये फक्त डिलीट केलेलं जातं, वरून लिहिलेलं जात नाही. आणि एसएसडी असली तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

मग कागदावरून बांधणी. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचं जीएसटीआर-१ भरलेलं होतं आणि त्यात जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं एकेक करून असतात. बिल नंबरावरून आमच्या फाइलीतला कोड बघायचा, जीएसटी नंबरावरून माणूस, आणि त्याच कोडवर नाव परत टाकायचं. क्रम चुकवायचा नाही. बेनाडीच्या ठेकेदाराला त्यासाठी शेवटचा नवा कोड दिला. जीएसटी नसलेल्यांची नावं डॉट मॅट्रिक्सच्या दुसऱ्या प्रतीवरून मिळाली. जमा मिळाली ती पावती पुस्तकातून आणि बँकेच्या स्टेटमेंटमधून. पावती पुस्तक हातानं लिहायची अण्णांची जुनी सवय, पोरगा त्यांना त्यावरून चिडवायचा. खरेदीच्या फाइलीचंही हेच झालेलं, ती जीएसटीआर-२बी आणि व्यापाऱ्यांच्या बिलांवरून भरली.

राहिली सकाळची तीन बिलं. ११८८ ते ११९० हे नंबर जुलैतच वापरलेले, आणि एका आर्थिक वर्षात बिल नंबर दोनदा चालत नाही. ऑक्टोबरचं विवरण भरायला ११ नोव्हेंबरपर्यंत वेळ होता, गिऱ्हाइकंही जवळची. तिन्ही बिलं परत मागवून रद्द केली आणि १९६५ पासून नवीन दिली. शिल्लक मालाचे आकडे मात्र कशावरूनही जुळेनात. ते शेवटी दिवाळीनंतर गोडाऊनमध्ये एल्बो-टी मोजूनच भरले.

आता तिथं बॅकअप ओढून-सोडून होत नाही. डेस्कटॉपवर एक बॅच फाइल आहे, आणि ती चालवायच्या आधी सॉफ्टवेअर बंद करायचं:

```
robocopy C:\BILL\DATA E:\DATA /E /XO
```

`/XO` मुळे जुनी फाइल नव्या फाइलीवर पडत नाही, दिशा उलटी झाली तरी. मात्र तो तारखेवर चालतो. पेन ड्राइव्हवरचा जुना डेटा कुणी तिथल्या तिथं उघडून त्यात काही लिहिलं, तर तीच फाइल नवी ठरते. तुमच्याकडे सगळी बिलं एकाच मोठ्या फाइलीत असतील तर वरच्यासारखं अर्धं वाचायची आशा धरू नका. ते आधी फोल्डरमध्ये बघा आणि फाइलींची नावं-तारखा इथं टाका.