नोंदणीचे पैसे एजंटला देऊ नका, पहिल्या बैठकीपासून वही लिहा

प्रश्न: आम्ही गावातल्या अकरा जणी मिळून बचत गट सुरू करतोय. नोंदणी कुठे करायची? एक एजंट नोंदणी करून देण्याचे तीन हजार मागतोय. बँकेत खातं उघडायला आणि पुढे गटाला कर्ज घ्यायला कोणती कागदपत्रं लागतात?

उत्तर:

ताई, आधी ते तीन हजार वाचवा. बचत गटाला बँकेत खातं उघडायला किंवा बँकेचं कर्ज घ्यायला कायद्याने कुठलीही नोंदणी लागत नाही. 1992 मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने गट आणि बँका जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे असंच चालत आलंय: नोंदणी नसलेल्या गटालाही बँक खातं देते आणि कर्जही देते. संस्था म्हणून किंवा सहकारी कायद्याखाली नोंदणी करायची वेळ पुढे कधी मोठा एकत्र व्यवसाय उभारलात तरच येते.

गावात लोक ज्याला ‘नोंदणी’ म्हणतात ती म्हणजे राज्य सरकारच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गटाचं नाव चढवणं. तुमच्या गावात उमेदची समुदाय संसाधन व्यक्ती असेल, बहुतेक ठिकाणी तिला सीआरपी ताई म्हणतात. नसेल तर पंचायत समितीत तालुका अभियान कक्ष असतो, तिथे जा. गटाचं नाव, स्थापनेची तारीख, सगळ्यांची नावं आणि आधार घेऊन ती माहिती ऑनलाइन भरली जाते आणि गटाला कोड मिळतो. याला पैसे लागत नाहीत. एक बाई दोन गटांत असेल तर आधारवरून ती इथेच पकडली जाते, म्हणून आधी आपसात विचारून घ्या. काही गावांत उमेदऐवजी महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे माविमचे गट आहेत. तिथे त्यांच्या सहयोगिनीला भेटा. दोन्हीकडे नाव घालू नका. गटात दहा ते वीस जणी लागतात, त्यामुळे अकरा जणी ठीक आहेत. पण त्यातली एखादी सोडून गेली तर तुम्ही काठावर याल, जमल्यास आणखी एक-दोघी घ्या.

मी बँक सखी म्हणून काम करते, गटांच्या कर्जाच्या फायली आमच्या हातून पुढे जातात. माझ्या पाहण्यात फाईल अडते ती आधार-पॅनमुळे फार कमी वेळा, वहीमुळे जास्त. म्हणून खात्याआधी वहीचं सांगते.

पहिल्या बैठकीत गटाचं नाव ठरवा, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष निवडा, बचत किती आणि बैठक कोणत्या वारी हे ठरवा आणि हे सगळं त्याच दिवशी ठराव वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ठराव असा साधा असला तरी चालतो:

‘आज दिनांक … रोजी झालेल्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, … महिला स्वयंसहाय्यता समूह या नावाने … बँकेच्या … शाखेत बचत खाते उघडावे. खात्याचे व्यवहार अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने करावेत. सूचक … अनुमोदक …’

यात जे नाव लिहाल, तेच अक्षरशः शिक्क्यावर, तेच उमेदच्या नोंदीत आणि तेच पासबुकावर हवं. ठरावात ‘जिजाऊ महिला बचत गट’ आणि शिक्क्यावर ‘जिजामाता महिला समूह’ असं झालं की पुढे फाईल परत येते. शिक्का करायला टाकण्याआधी एकदा ठराव वाचून बघा.

खात्यासाठी गावाला जोडलेल्या शाखेतच जा, कारण कर्जही तिथूनच मिळणार. सोबत न्यायचं ते इतकंच: खातं उघडण्याचा ठराव, गटाच्या नियमावलीची प्रत, सगळ्या सदस्यांची यादी, शिक्का, आणि तिन्ही पदाधिकाऱ्यांचे आधार व फोटो. बचत खात्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. काही शाखांत अकराही जणींचे कागद मागतात, तेव्हा नम्रपणे सांगा की सगळ्यांची केवायसी कर्जाच्या वेळी करायची असते. गटाचं पॅन मागितलं तर पॅन नसल्याचं घोषणापत्र देता येतं, बँकेत त्याला फॉर्म 60 म्हणतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर दोघींनी आधीच सह्या करून तिसरीच्या, किंवा तिच्या नवऱ्याच्या, हातात देऊन ठेवू नका. ‘बँकेत जायचा हेलपाटा वाचतो’ म्हणून सर्रास असं करतात. हिशेब चुकला की मग गट त्यावरूनच फुटतो.

आता कर्ज. उमेदच्या गटाला पहिल्या कर्जासाठी सहा महिने नियमित चालू असावं लागतं आणि हे सहा महिने मोजायचे ते गटाच्या वह्यांवरून, बँक खातं उघडल्या तारखेपासून नाही. खातं उघडायला दोन महिने गेले तरी पहिल्या दिवसापासून वही असेल तर ते दोन महिने बुडत नाहीत. शाखेत कुणी ‘खात्याला सहा महिने होऊ द्या’ म्हणालं, तर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातला हा मुद्दा दाखवा.

कर्ज द्यायच्या आधी गटाची प्रतवारी होते. बैठका वेळेवर झाल्या का, हजेरी किती, सगळ्या बचत भरतात का, जमलेले पैसे आपसात कर्जाने फिरवले का, ते परत आले का, हे वह्यांवरून बघतात. ठराव वही, रोखवही, बचत आणि कर्जाची नोंदवही आणि प्रत्येकीचं पासबुक एकमेकांशी जुळलं पाहिजे. सहा महिन्यांच्या बैठका एका रात्रीत बसून लिहिलेल्या वह्या लगेच ओळखू येतात: सगळीकडे एकच शाई, सगळ्या बैठकांना सगळ्या हजर, एकीलाही कधी दंड नाही. खऱ्या वहीत कुणीतरी माहेरी गेलेली असते आणि कुणाचे पाच रुपये उशिरा आलेले असतात. ते तसंच लिहा, त्याने गुण जात नाहीत.

कर्ज किती मिळेल हे गटाच्या एकूण निधीवर ठरतं. तुमच्याच आकड्यांनी सांगते. अकरा जणींनी आठवड्याला 50 रुपये टाकले तर 26 आठवड्यांत 14,300 रुपये जमतात. आपसातल्या कर्जावरचं व्याज धरू 600 आणि दंड 100. निधी झाला 15,000. यातले 11,500 चौघींकडे कर्जाने गेलेले असतील, 3,200 बँकेत आणि 300 हातात. बरेच गट इथेच चुकतात: पासबुकात 3,200 दिसतात म्हणून तोच आपला निधी समजतात, किंवा शिल्लक मोठी दिसावी म्हणून आपसात कर्ज द्यायचंच थांबवतात. उलट आहे. बायकांकडे फिरत असलेला पैसाही निधीच आहे आणि तो फिरतोय म्हणूनच प्रतवारीत गुण मिळतात.

पहिलं कर्ज निधीच्या सहापट किंवा कमीत कमी दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते, असा नियम आहे. 15,000 च्या सहापट होतात 90,000, म्हणजे तुमचा गट दीड लाखाला पात्र. दरम्यान आपसात कर्जाने फिरवायला उमेदकडून 30,000 फिरता निधी आला असेल तर तोही धरतात: 45,000 च्या सहापट 2,70,000. पात्र आहात म्हणून सगळं घ्यायलाच हवं असं नाही. पहिल्या वेळी बायकांना खरोखर लागतं तेवढंच घ्या. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज सवलतीमुळे सध्या वार्षिक सात टक्के पडतात, पण हप्ते थकले की सवलत जाते.

त्यासाठीच सूक्ष्म पत आराखडा करतात. बैठकीत प्रत्येकीने किती हवेत, कशाला हवेत, हप्ता कुठून भरणार हे सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून आधी कुणाला द्यायचे ते ठरवायचं. ‘शेळीपालन’ असं अकरा वेळा लिहू नका. एकीला शिलाई मशीन, दुसरीला बियाणं, तिसरीला सावकाराचं देणं फेडायचं असेल तर तसंच लिहा, देणं फेडणं हेही मान्य कारण आहे.

फाईलमध्ये हा आराखडा, कर्ज मागणीचा सगळ्यांच्या सह्यांचा ठराव, बँकेचा अर्ज, प्रतवारीचा तक्ता, पासबुकाची प्रत आणि या वेळी अकराही जणींची केवायसी लागते. शिवाय दोन करारनामे असतात. एक सदस्यांचा आपसातला, त्यावर प्रत्येकीची सही किंवा अंगठा लागतो. दुसरा गट आणि बँक यांच्यातला, त्यावर पदाधिकारी सही करतात. नमुने शाखेतच मिळतात. आपसातल्या करारनाम्याला अकराही जणी एका दिवशी हजर राहतील असा दिवस आधीच ठरवा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांचं ‘गट कर्ज’ वेगळं असतं. तिथे कर्ज प्रत्येक बाईच्या नावावर असतं, गट फक्त जामीन म्हणून. तुमच्यातल्या कुणाचं असं कर्ज थकलं असेल तर ते क्रेडिट अहवालात दिसतं, म्हणून बँकेत कळण्याआधी बैठकीत बोलून घ्या. एखादी सदस्य वैयक्तिक थकबाकीदार असली म्हणून गट स्वतः थकबाकीदार नसताना त्याचं कर्ज अडवू नये, असं रिझर्व्ह बँक सांगते. मात्र त्याच बँकेची थकबाकी असलेल्या बाईला गटाच्या कर्जातून पैसे देता येत नाहीत.

दहा लाखांपर्यंतच्या गट कर्जाला तारण लागत नाही. बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, मुदत ठेव मागायची नाही, हेही स्पष्ट आहे. दीड लाख अकरा जणींत वाटले तर माणशी साडेतेरा हजारांच्या आसपास येतात आणि माणशी 50,000 च्या आतल्या अशा कर्जाला प्रक्रिया शुल्कही नाही. कुणी ‘आधी वीस हजारांची एफडी करा’ म्हणालं, किंवा फाईल कारण न सांगता पडून राहिली, तर अर्जाची पोच आणि नकाराचं कारण लेखी मागा. तो कागद तुमच्या ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघामार्फत, तालुका अभियान कक्षाकडे द्या, तिथून तो तालुक्याच्या बँकर्स समितीच्या बैठकीत मांडता येतो. तिथेही हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे अर्ज करा.