दोन शब्दांचे अभिप्राय मराठीत वाचताना

प्रश्न: खरेदीच्या ॲपमध्ये मी मराठी भाषा निवडली आहे. मिक्सर घ्यायचा आहे, पण लोकांचे छोटे अभिप्राय ‘त्याची किंमत आहे’, ‘टाकाऊ पदार्थ’, ‘स्वस्त’ असे काहीतरी दिसतात. यांवर विसंबून वस्तू घ्यावी का?

उत्तर: अशा अभिप्रायांचा उपयोग होतो, मात्र प्रत्येक अभिप्राय त्याच्या ताऱ्यांसह वाचावा आणि शंका आली तर मूळ मजकूर उघडून पाहावा. खरेदीच्या संकेतस्थळांवरील यंत्रानुवाद तपासण्याचे काम मी करतो, त्यामुळे ही वाक्ये अशी का होतात हे थोडे सविस्तर सांगतो.

दोन शब्दांच्या अभिप्रायात कर्ता नसतो, क्रियापद नसते आणि पुष्कळदा वस्तूचे नावही नसते. लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही, कारण वर मिक्सरचे छायाचित्र असते आणि शेजारी तारे असतात. अनुवाद करणाऱ्या यंत्रणेकडे मात्र अनेकदा केवळ तेवढे दोन शब्द पाठवले जातात. ‘वर्थ इट’ हे शब्द एकटे आले की यंत्र त्यांतील ‘इट’साठी ‘त्याची’ ठेवते आणि ‘त्याची किंमत आहे’ असे वाक्य तयार होते. लिहिणाऱ्याला एवढेच म्हणायचे होते की पैसे वसूल झाले.

तुम्ही दिलेले दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. निरुपयोगी वस्तूला आपल्याकडील इंग्रजीत सर्रास ‘वेस्ट प्रॉडक्ट’ म्हणतात. पण कारखान्यातून किंवा शरीरातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थांसाठीही हेच शब्द वापरतात. यंत्राने तोच अर्थ उचलला आणि मिक्सरच्या खाली ‘टाकाऊ पदार्थ’ अवतरला. तिथे एक तारा असेल तर ‘पैसे वाया गेले’ असे वाचावे. ‘स्वस्त’ या शब्दाच्या बाबतीत तर ताऱ्यांवाचून निर्णयच करता येत नाही. ‘चीप’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कमी किमतीचा असाही होतो आणि हलक्या दर्जाचा असाही होतो. पाच ताऱ्यांखालचा ‘स्वस्त’ ही बहुधा शिफारस असते, तर एका ताऱ्याखालचा ‘स्वस्त’ ही भांड्याच्या प्लास्टिकविषयीची तक्रार असू शकते.

सर्वांत जास्त घोळ रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी-मराठीचा होतो. ‘एक नंबर प्रॉडक्ट’ असे म्हणताना कोणी एकचा आकडा टाकून पुढे नंबर या शब्दाचे इंग्रजी संक्षिप्त रूप लिहितो. ती दोन अक्षरे इंग्रजी नकाराचीही असल्यामुळे मनापासून केलेली स्तुती अनुवादात ‘उत्पादन नाही’ अशी उलटी होऊ शकते. पाच तारे आणि नकारार्थी वाक्य अशी जोडी दिसली की प्रथम हाच संशय घ्यावा. ॲपमध्ये ‘मूळ मजकूर पाहा’ अशा अर्थाची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर भाषा क्षणभर इंग्रजी करून तोच अभिप्राय वाचावा.

काही मथळे मात्र नितळ मराठीत असतात आणि अनेकांच्या नावाखाली जसेच्या तसे दिसतात. काही ॲप तारे निवडताच तयार मथळे सुचवतात आणि ग्राहक त्यांतील एकावर बोट ठेवून मोकळा होतो. अशा मथळ्यांचा अनुवाद एकदाच नीट करून ठेवता येतो, म्हणून तो वाचायला चांगला वाटतो. तरीही त्यातून ताऱ्यांपेक्षा वेगळी माहिती मिळत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण सफाईदार मराठी पाहून वाचक अशा ओळींवर अधिक विश्वास ठेवतात.

आमच्या कामात मी ‘वर्थ इट’ आणि ‘वेस्ट प्रॉडक्ट’ यांसारख्या शब्दांसाठी ‘पैसे वसूल’ आणि ‘पैसे वाया गेले’ हीच रूपे सुचवतो. वस्तू मिक्सर असो, इस्त्री असो की घड्याळ असो, चांगला-चांगली-चांगले हा लिंगाचा प्रश्न त्यांत उद्भवत नाही, आणि किमतीचा संदर्भही टिकून राहतो. हा संदर्भ महत्त्वाचा आहे. ‘वर्थ इट’चा अनुवाद ‘उत्तम वस्तू’ असा केला तर लिहिणाऱ्याने न दिलेले प्रमाणपत्र आपण त्या वस्तूला देतो. त्याने केवळ आपण मोजलेल्या रकमेच्या मानाने समाधान नोंदवलेले असते. सेलमध्ये 1,800 रुपयांना घेतलेला मिक्सर ‘पैसे वसूल’ ठरला, म्हणून तोच आज 2,900 रुपयांना तसा ठरेलच असे नाही. म्हणून अभिप्रायाची तारीख पाहावी आणि ती सणासुदीच्या सेलमधली असेल तर त्या शेऱ्याला थोडे कमी वजन द्यावे.

मिक्सरपुरते सांगायचे तर छोट्या शेऱ्यांवरून कल तेवढा समजून घ्यावा, आणि मग दोन-तीन ताऱ्यांचे लांब अभिप्राय शोधावेत. भांड्याच्या तळातून पाणी गळते का, ओले वाटण करताना मोटर तापून वास येतो का, दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो का, या गोष्टी तिथेच सापडतात. शिवाय पूर्ण वाक्यांत कर्ता, क्रियापद आणि वस्तूचे नाव असल्यामुळे त्यांचा अनुवादही सहसा अधिक विश्वासार्ह असतो.