बलक हवा तसा हवा असेल तर वेळ उकळत्या पाण्यापासून मोजावी

प्रश्न: मी नुकताच नाशिकला राहायला आलो आहे. अंडी थंड पाण्यात ठेवतो आणि उकळी आल्यावर तीन मिनिटांनी काढतो, पण बलक कधी पातळ राहतो तर कधी पूर्ण घट्ट होतो. अंडी थंड पाण्यात ठेवून उकडावीत की उकळत्या पाण्यात सोडावीत? मऊ, मध्यम आणि घट्ट बलकासाठी किती मिनिटे लागतात?

उत्तर:

मऊ किंवा मध्यम बलक हवा असेल तर अंडी उकळत्या पाण्यातच सोडावीत आणि अंडी पाण्यात गेल्या क्षणापासून वेळ मोजावी. पूर्ण घट्ट बलकासाठी मात्र दोन्ही पद्धती चालतात. किराणा दुकानात मिळणारे पांढरे इंग्लिश अंडे साधारण ५० ते ५५ ग्रॅमचे असते. असे अंडे फ्रिजबाहेर ठेवलेले असेल तर उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत बलक पातळ राहतो, साडेसहा ते सात मिनिटांत तो मध्यम होतो आणि साडेनऊ ते दहा मिनिटांत घट्ट होतो. तेच अंडे थेट फ्रिजमधून काढले असेल तर हे आकडे अनुक्रमे सहा, आठ आणि अकरा मिनिटे असे धरावेत.

तुमचा बलक रोज वेगळा का होतो, हे समजण्यासाठी अंड्याच्या आत काय घडते ते पाहावे लागेल. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सियसला धरू लागतो आणि ८० अंशांच्या आसपास चांगला घट्ट होतो. पिवळा बलक ६५ अंशांच्या सुमारास दाटू लागतो आणि ७० अंशांपर्यंत तो वाहायचा थांबतो. म्हणजे पातळ बलक आणि जमलेला बलक यांच्यात अवघ्या पाच-सहा अंशांचे अंतर आहे. उष्णता कवचाकडून आत जात असल्यामुळे बलकाची कड आधी शिजते आणि मध्यभाग सर्वांत शेवटी. मऊ बलकासाठी आपण अंडे नेमके अशा वेळी बाहेर काढत असतो, जेव्हा पांढरा भाग जमलेला आहे पण बलकाच्या मध्यापर्यंत उष्णता पुरेशी पोहोचलेली नाही. इथे अर्ध्या मिनिटाचा फरकही सुरी लावताच दिसतो. घट्ट बलकाच्या बाबतीत तसे नाही, कारण एकदा सगळे जमले की पुढच्या मिनिट-दीड मिनिटाने फारसे बिघडत नाही.

थंड पाण्याची पद्धत अडखळते ती इथेच. एका पातेल्यात लिटरभर पाणी आणि चार अंडी आहेत असे समजा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी नळाचे पाणी हात आखडेल इतके गार असते. ते शेगडीच्या लहान बर्नरवर ठेवले तर उकळी फुटायला दहाएक मिनिटे सहज लागतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी आधीच कोमट, कधी चक्क गरम असते, आणि तेच पातेले मोठ्या बर्नरवर ठेवले तर पाच मिनिटांच्या आतही उकळी येऊ शकते. पाणी ६५ अंशांच्या पुढे गेल्यापासून अंडी शिजायला लागलेली असतात, त्यामुळे पहिल्या पातेल्यातील अंडी उकळी येईपर्यंतच बरीच पुढे गेलेली असतात आणि दुसऱ्यातील अंड्यांना तेवढा अवधी मिळालेला नसतो. 'उकळी आल्यावर तीन मिनिटे' हा हिशेब दोन्हीकडे सारखाच लावला तर बलक सारखे येणारच नाहीत. पातेल्याची जाडी, पाण्याचे प्रमाण, सिलिंडर संपत आल्यावर मंदावलेली आच, यांपैकी काहीही बदलले की उत्तर बदलते. शिवाय उकळी नेमकी कधी आली हेही प्रत्येक जण वेगळे ठरवतो. कोणी तळाशी बुडबुडे दिसताच घड्याळ लावतो, तर कोणी पाणी खळखळेपर्यंत थांबतो.

उकळत्या पाण्याच्या पद्धतीत हे सगळे बाजूला पडते, कारण पाणी एकदा उकळले की त्याचे तापमान स्थिर राहते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते. त्यामुळे मुंबईच्या तुलनेत मऊ बलकाला दहा-पंधरा सेकंद आणि घट्ट बलकाला फार तर अर्धे मिनिट जास्त लागते, आणि वर दिलेल्या वेळांत ते धरलेले आहे. मीठ घातल्याने पाणी लवकर उकळते किंवा जास्त तापते असे अनेक घरांत मानले जाते, परंतु स्वयंपाकात पडणाऱ्या चमचाभर मिठाने उकळण्याचे तापमान जाणवण्याइतके बदलत नाही. त्याचा उपयोग इतकाच की एखादे अंडे तडकले तर बाहेर आलेला पांढरा भाग लवकर गोठतो आणि फार पसरत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. चार अंड्यांसाठी किमान एक लिटर पाणी घ्यावे. अंडी बुडून वर दोन बोटे पाणी राहिले पाहिजे. पाणी चांगले खळखळले की अंडी झाऱ्यावर घेऊन एकेक हळूच तळाशी सोडावीत. वरून टाकू नयेत, कारण अंडी तडकण्याचे एक मोठे कारण म्हणजे तळावर बसणारा तो आपट असतो. दुसरे कारण म्हणजे अंड्याच्या रुंद टोकाला असलेली हवा, जी एकदम तापून फुगते आणि कवचावर ताण आणते. फ्रिजमधील गार अंड्यांना हा धोका अधिक असतो, म्हणून शक्य असेल तर ती अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत. अंडी आत गेल्यावर पाणी क्षणभर शांत होते. मोठ्या आचेवर साधारण मिनिटभरात पुन्हा उकळी येते आणि मग गॅस बारीक करून ती हलकी उकळी टिकवावी. पाणी जोरात उसळत राहिल्याने अंडी लवकर शिजत नाहीत, कारण तापमान तेच असते. ती फक्त एकमेकांवर आपटतात. लिटरभर पाण्यात डझनभर अंडी घातली तर मात्र पाणी बराच वेळ थंडावते आणि वरील वेळा लागू पडत नाहीत. अंडी वाढवायची तर पाणीही वाढवावे लागते.

वेळ संपताच अंडी थंड पाण्यात घालणे हा कृतीचा अर्धा भाग आहे असे मी मानतो. बाहेर काढलेल्या अंड्याच्या कडेला साठलेली उष्णता आत सरकतच राहते आणि बलक पुढे शिजत राहतो. उन्हाळ्यात टाकीचे कोमट पाणी यासाठी निरुपयोगी ठरते. माठातले पाणी किंवा बर्फाचे चार खडे घालावेत. मऊ बलकाचे अंडे गरम खायचे असेल तर एक मिनिट पुरते, घट्ट अंडी मात्र पाच-सात मिनिटे तशीच राहू द्यावीत. घट्ट बलकाभोवती जे हिरवट-करडे कडे दिसते, तेही जास्त शिजवल्याने आणि सावकाश निवल्याने येते: पांढऱ्या भागातून निघणारा गंधकयुक्त वायू बलकातील लोहाशी मिळतो आणि त्यांचा थर त्या सीमेवर बसतो. ते खाण्यास अपायकारक नसते, पण आपल्याकडून वेळ ओलांडली गेली याची ती खूण आहे.

बलक कसा झाला हे कवचावरून कळत नाही. अंडे ओट्यावर फिरवून पाहण्याची जी युक्ती सांगतात, ती फक्त कच्चे आणि उकडलेले वेगळे ओळखण्यापुरती आहे. त्यासाठी पहिल्या खेपेला एक अंडे जादा घालून ते दोऱ्याने मधोमध कापावे, सुरीने बलक ओघळतो. पाच मिनिटांच्या अंड्यात पांढरा भाग हलका लवचीक असतो आणि बलक सोनेरी, मधासारखा वाहतो. सात मिनिटांच्या अंड्यात बलकाची कड फिकट पिवळी झालेली असते, पण मध्यभागी गडद, चिकट, ओला गोळा राहतो, आणि भुर्जीला कंटाळलेल्या माणसाने तो पावाच्या तुकड्याला लावून खाऊन पाहावाच. दहा मिनिटांच्या अंड्यात सगळा बलक फिकट आणि भुसभुशीत असतो. आपले अंडे यापेक्षा मऊ आले तर पुढच्या वेळी अर्धे मिनिट वाढवावे, घट्ट आले तर तेवढेच कमी करावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गावरान अंडी साधारणपणे लहान असतात, त्यांना अर्धे मिनिट कमी पुरते. ६० ग्रॅमच्या मोठ्या अंड्याला ५० ग्रॅमच्या अंड्यापेक्षा सुमारे आठवा हिस्सा जास्त वेळ द्यावा. मे महिन्यात स्वयंपाकघरच तापलेले असेल तर फ्रिजबाहेरच्या अंड्यांची वेळ आणखी थोडी कमी करावी लागते.

सोलण्याच्या दृष्टीनेही उकळत्या पाण्याची पद्धत उजवी आहे. एकदम उष्णता लागल्याने पांढऱ्या भागाचा बाहेरचा थर झटकन जमतो आणि कवचाच्या आतील पापुद्र्याला घट्ट चिकटत नाही. सावकाश तापताना तो त्या पापुद्र्याशी जोडला जातो आणि सोलताना पांढरा भाग तुकड्यांनी निघतो. अंडी अगदी ताजी असली तर हा त्रास वाढतो, कारण जुन्या अंड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि त्याची पकड सुटते. म्हणून घट्ट उकडण्यासाठी आठवडाभर ठेवलेली अंडी निवडावीत.

मग थंड पाण्याची पद्धत कधी वापरावी? घरी पाहुणे असताना मोठ्या पातेल्यात वीस-पंचवीस अंडी घट्ट उकडायची असतील तेव्हा ती सोपी पडते, कारण इतकी अंडी उकळत्या पाण्यात एकेक सोडायला वेळ जातो आणि अचूकतेची गरजही नसते. पाणी पूर्ण उकळले की गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि दहा ते बारा मिनिटांनी अंडी बाहेर काढावीत. पातळ ॲल्युमिनियमचे पातेले असेल तर पाणी भराभर निवते, तेव्हा दोन मिनिटे बारीक आचेवर उकळून मग झाकावे. प्रेशर कुकरमध्ये अंडी लवकर होतात हे खरे, परंतु तेथे तापमान १०० अंशांच्या बरेच वर जाते आणि आत पाहण्याची सोय नसते, त्यामुळे मऊ बलकासाठी कुकर वापरू नये.

एक अट मात्र मनापासून सांगतो. मऊ बलकापर्यंत पोहोचणारी उष्णता साल्मोनेला जंतू मरण्याइतकी असेलच असे नाही. घरात लहान मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी दहा मिनिटांचेच अंडे करावे. मऊ बलकासाठी तडा न गेलेली, स्वच्छ कवचाची अंडी निवडावीत आणि ती लगेच खावीत, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नयेत. घट्ट उकडलेली अंडी कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.