अ‍ॅडमिट मार्चमध्ये, डिस्चार्ज एप्रिलमध्ये: मग क्लेम कुठल्या पॉलिसीत?

प्रश्न: मॅडम, मी सांगलीचा. बाबांना 24 मार्चला पॅन्क्रियाटायटिस म्हणून अ‍ॅडमिट केलं, आयसीयू झालं, मग 3 एप्रिलला पित्ताशयाचं ऑपरेशन आणि 9 एप्रिलला डिस्चार्ज. पॉलिसी 31 मार्चला संपत होती, मी 28 ला रिन्यू केली, एजंट म्हणाला म्हणून 5 लाखाची 10 लाख करून घेतली. बिल 6 लाख 90 हजार. गेल्या सप्टेंबरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा जुन्या पॉलिसीतले 3 लाख 20 हजार गेले होते. आता टीपीए म्हणतं अ‍ॅडमिशन जुन्या वर्षातलं, तिथे उरलेले 1 लाख 80 हजार दिले, विषय संपला. बाकी 5 लाख 10 हजार मी खिशातून भरले. नवीन पॉलिसीचं प्रीमियम मग कशाला घेतलं? शिवाय तिच्यात 10 टक्के को-पे आलाय, म्हणजे क्लेमचा तेवढा भाग आपण भरायचा, तो आधी नव्हता. पॉलिसीची पुस्तिका आणि बिलं पाठवतोय.

उत्तर: विषय संपलेला नाही. टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीने, जे सांगितलं तो त्यांच्या सॉफ्टवेअरचा नियम आहे, तुमच्या पॉलिसीचा नाही. कॅशलेसची प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, 24 मार्चला जुन्या पॉलिसी नंबरवर निघाली, क्लेम नंबर त्या पॉलिसीला चिकटला, आणि तिथली रक्कम संपली की डेस्कवरच्या माणसाला स्क्रीनवर शिल्लक शून्य दिसते, तो तेच तुम्हाला ऐकवतो. अ‍ॅडमिशनच्या तारखेवर सगळं ठरतं हा नियम काही पॉलिसींमध्ये खरंच असतो, नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत तर बऱ्याचदा, पण तो तिथे लिहिलेला असावा लागतो. तुमची पुस्तिका मी वाचली, त्यात तसं कुठेही नाही. उलट शेवटाकडे जनरल कंडिशन्समध्ये 'क्लेम फॉलिंग इन टू पॉलिसी पिरियड्स' असं एक छोटं कलम आहे, अनेक कंपन्यांच्या पॉलिसीत ते जवळपास याच शब्दांत असतं. क्लेमची घटना दोन पॉलिसी कालावधींत येत असेल तर दोन्ही कालावधींतली उपलब्ध विमा रक्कम आणि प्रत्येक कालावधीचं डिडक्टिबल, म्हणजे ग्राहकाने आधी स्वतः भरायची रक्कम, विचारात घेऊन क्लेम द्यायचा, आणि रिन्यूअलचं प्रीमियम आलेलं नसेल तर ते क्लेमच्या रकमेतून वळतं करायचं, एवढंच ते कलम म्हणतं. तुमचं प्रीमियम 28 लाच गेलंय, मध्ये एक दिवसाचीही गॅप नाही. (ग्रेस पिरियड आहेच की, मग भरू, असं म्हणणाऱ्यांनी इथे कान टवकारा: वार्षिक प्रीमियमच्या पॉलिसीत 30 दिवसांचा ग्रेस रिन्यूअलचा हक्क आणि वेटिंग पिरियडची, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळाची, सरलेली वर्षं वाचवतो, पण मधल्या गॅपमधल्या दिवसांचं हॉस्पिटल बिल वाचवत नाही.)

आता 10 लाखांचं. ते डोक्यातून काढून टाका, निदान या आजारापुरतं तरी. वाढवलेल्या रकमेला वेटिंग पिरियड नव्याने लागतो, आणि चालू असलेल्या आजाराला वाढीव रक्कम मिळत नाही हे तुमच्या पुस्तिकेतही लिहिलंय. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 28 मार्चला तुम्ही रक्कम वाढवायचा फॉर्म भरला तेव्हा वडील चार दिवस आयसीयूत होते. त्या फॉर्ममध्ये 'सध्या कोणता उपचार चालू आहे का' असा प्रश्न असतो. तिथे एजंटने बिनधास्त 'नाही' टिक करून दिलं असेल तर कंपनी माहिती लपवली म्हणून अंगावर येईल. तेव्हा आधी त्या फॉर्मची कॉपी मागवा, आणि चुकीचं उत्तर असेल तर ते आपणहून लेखी कळवून दुरुस्त करा, वाढीव 5 लाख या आजाराला मागत नाही असंही लिहा. मुळातली 5 लाखाची पॉलिसी जुनीच पुढे चाललीय, तिच्या रिन्यूअलसाठी तब्येतीचा प्रश्नच नव्हता, म्हणून वाढीव रकमेचा घोळ मूळ 5 लाखांना लावता येत नाही ही आपली भूमिका. 10 लाख मागायला गेलात तर कंपनीला भांडायला आयतं कारण मिळेल आणि जे 5 लाख हक्काचे आहेत तेही अडकतील.

मग हिशोब असा. तुमच्या बिलातून ग्लोव्हज, टॉयलेटरीज, रजिस्ट्रेशन वगैरे न मिळणाऱ्या 30 हजारांच्या गोष्टी काढल्या की 6 लाख 60 हजार उरतात. फार्मसी आणि आयसीयूची बिलं तारखेने लावून पाहिली तर 31 मार्चच्या रात्रीपर्यंतचा खर्च 2 लाख 90 हजार आणि 1 एप्रिलपासूनचा, ऑपरेशन धरून, 3 लाख 70 हजार येतो.

कलम दोन तऱ्हेने वाचता येतं आणि खरी लढाई इथे आहे. कंपनी फार तर असं म्हणेल की ज्या दिवसाचा खर्च त्या वर्षाच्या पॉलिसीतून. तसं केलं तर मार्चच्या 2 लाख 90 हजारांपैकी 1 लाख 80 हजार मिळतात, 1 लाख 10 हजार तुमच्या अंगावर, आणि एप्रिलच्या 3 लाख 70 हजारांतून 10 टक्के को-पे म्हणजे 37 हजार जाऊन 3 लाख 33 हजार. एकूण 5 लाख 13 हजार. दुसरं वाचन आपल्या बाजूचं: कलमात 'खर्च तारखेने वाटा' असं कुठेच लिहिलेलं नाही, 'दोन्ही कालावधींतली उपलब्ध रक्कम' असं लिहिलंय, म्हणजे हा एकच क्लेम आहे आणि त्याच्यामागे 1 लाख 80 हजार अधिक 5 लाख असे 6 लाख 80 हजार उभे आहेत. जुनीतून 1 लाख 80 हजार, उरलेले 4 लाख 80 हजार नवीनमधून, त्यावर को-पे 48 हजार, हातात एकूण 6 लाख 12 हजार. दोन्हींत 99 हजारांचा फरक.

पत्रात मुख्य मागणी दुसऱ्या वाचनाची करा आणि पर्यायी मागणी पहिल्याची. विमा करार कंपनीने लिहिलेला असतो, शब्द दोन अर्थाचे निघाले तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा हे कोर्टांचं जुनं तत्त्व आहे, त्यामुळे दुसरं वाचन हवेतलं नाही. पण खात्रीचं काय म्हणाल तर पहिलं, विमा लोकपालाकडे तारखेने वाटणी करून निकाल लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

को-पेचं वेगळं. जुन्या वर्षाच्या रकमेला नवीन को-पे लावता येत नाही, हे तर उघड आहे, म्हणून तुमच्या 1 लाख 80 हजारांतून काही कापलं नाहीये ना तेवढं सेटलमेंट लेटरमध्ये बघा. नवीन वर्षाला तो लागतो का, हे रिन्यूअलच्या आधी कंपनीने तुम्हाला कळवलं होतं का यावर आहे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2021 मध्ये जेकब पुन्नेन विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या केसमध्ये हेच सांगितलं. तिथे रिन्यूअलच्या वेळी अँजिओप्लास्टीला वरची मर्यादा घातली होती, ग्राहकाला सांगितलंच नव्हतं, आणि कोर्ट म्हणालं की रिन्यूअलला अटी बदलायच्या तर ग्राहकाला आधी कळवणं कंपनीचं काम आहे. तुम्हाला आलेली रिन्यूअल नोटीस, एसएमएस, ईमेल सगळं काढा. नोटिशीत नुसतं प्रीमियम आणि तारीख असेल, को-पेचा उल्लेखही नसेल, तर ते 48 हजारही मागा. ठळक लिहिलेलं असेल आणि तुम्ही वाचलं नसेल तर मात्र हा मुद्दा सोडून द्या.

करायचं काय ते आता. हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये जाऊन डेट-वाइज ब्रेकअप मागा, फायनल बिलात नुसती एकत्र बेरीज असते तिचा उपयोग नाही. 31 मार्चच्या रात्रीपर्यंतचं इंटरिम बिल त्यांच्या सिस्टीममधून निघतं, त्यावर सही-शिक्का घ्या. ऑपरेशन पॅकेजमध्ये असेल तर पॅकेज कुठल्या तारखेला लावलंय ते बघा, तुमचं ऑपरेशन 3 एप्रिलचं आहे, पण अ‍ॅडमिशनच्या तारखेला पॅकेज टाकायची काही हॉस्पिटल्सना सवय असते आणि मग ऑपरेशनचा सगळा खर्च मार्चमध्ये जाऊन बसतो. मग नवीन पॉलिसी नंबरवर वेगळा रीइम्बर्समेंट क्लेम टाका, सोबत जुन्या क्लेमचं सेटलमेंट लेटर जोडा. ओरिजिनल कागद पहिल्या फाइलमध्ये गेले असतील तर तसं लिहून झेरॉक्स लावा. डिस्चार्जपासूनची मुदत उलटून गेली असली तरी टाका, उशिराचं कारण लिहा (टीपीएने 'विषय संपला' सांगितल्यामुळे थांबलो हे चांगलं कारण आहे), नुसत्या उशिरासाठी खरा क्लेम फेटाळू नये असं विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना कळवलंय.

नाही आलं तर कुठल्या कलमाखाली नाही म्हणताय ते लेखी मागा. तोंडी उत्तरावर, टीपीएच्या फोनवर काहीही अवलंबून ठेवू नका, कारण पूर्ण असो की अर्धवट, क्लेम नाकारायचा अधिकार कंपनीचा, टीपीएचा नाही, आणि 2024 च्या नियामकाच्या सर्क्युलरनुसार त्यासाठी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला तक्रार, एक महिना वाट, आणि तरी हललं नाही तर विमा लोकपाल. तुम्हाला पुण्याचं ऑफिस. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील उभा करता येत नाही (म्हणजे माझाही खर्च वाचला), आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं, आणि आधी ग्राहक आयोगात केस टाकलीत तर लोकपालाचा दरवाजा बंद होतो, तेव्हा क्रम उलटा करू नका.

एक गोष्ट मात्र आधी विचारात घ्या. नवीन वर्षाचे, को-पे न कापता, पूर्ण 4 लाख 80 हजार या क्लेमला गेले तर पुढच्या मार्चपर्यंत मूळ 5 लाखातले 20 हजारच उरतात. वाढीव 5 लाख आहेत, पण ते अपघाताला लगेच आणि नव्या आजाराला तीस दिवसांनी, हृदयाच्या जुन्या तक्रारीला तर वेटिंग संपेपर्यंत नाहीच, आणि वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. पॉलिसीत रिस्टोरेशन, म्हणजे संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळायची सोय, असेल तर ते त्याच आजाराला चालतं का तेवढं बघून घ्या. माझं मत विचाराल तर खिशातून गेलेले पैसे आधी परत आणा, पण वर्षभर हृदयाच्या खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला असू द्या.

आणि तुम्ही सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जादा पॉलिसी, असल्याचं लिहिलं नाहीये, असेल तर तिचा हिशोब वेगळा करावा लागेल, कारण क्लेम दोन वर्षांत वाटला की डिडक्टिबलही दोनदा लागतं, तिथे हीच वाटणी कधी कधी ग्राहकाच्या मुळावर येते. डिस्चार्जनंतरची औषधं, सोनोग्राफी, फॉलो-अपची बिलं फेकू नका, पॉलिसीत 60 दिवस दिलेत, ती मूळ अ‍ॅडमिशनच्याच क्लेमचा भाग असतात आणि जुनी रक्कम संपलेली असल्यामुळे ती नवीन क्लेम नंबरवर टाका.