पाणी नेमकं कुठं मुरतंय?

चि. स अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, युनियननं स्वतःहून आकडा खाली आणलाय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय." मी विचारलं, कुठं मुरतंय? त्यावर तू म्हणालीस, ते अजून सापडलेलं नाही, पण मुरतंय नक्की. फोन ठेवल्यावर मला माझी एक जुनी फाईल आठवली. गुरुवारी युनियनशी तुझी वेतनकराराची बैठक आहे, म्हणून त्याआधी हे पत्र.

मी पर्सोनेलमध्ये नवीन होतो तेव्हाची गोष्ट. तीन वर्षांच्या वेतनकराराची बोलणी चालू होती, कामगार चारशे. मागणीपत्रात दरमहा 9,500 रुपयांची वाढ होती आणि आम्ही 6,200 वर अडून बसलो होतो. तिसऱ्या बैठकीनंतर कॅन्टीनबाहेर चहा पिताना युनियनचे सरचिटणीस सहज बोलल्यासारखं म्हणाले, "साहेब, साडेसात हजारांवर मिटवू. पहिल्या वर्षी 40 टक्के, मग 30-30. थकबाकी दोन हप्त्यांत दिलीत तरी चालेल." मी धावतच वर गेलो. आमच्या साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साडेनऊवरून एका चहात साडेसात? हा माणूस दोन हजार असेच सोडेल? ऑर्डरबुक आटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणार. नाही म्हणून सांग."

नाही म्हणून सांगितलं. पुढचे सहा आठवडे ओव्हरटाइम बंद राहिला आणि लाइन रेंगाळत चालली. शेवटी सही झाली ती 7,800 वर, तीही 50-25-25 ने.

आता हिशेब बघ. चहावरच्या प्रस्तावात एका कामगाराला पहिल्या वर्षी महिन्याला 3,000, दुसऱ्या वर्षी 5,250 आणि तिसऱ्या वर्षी 7,500 वाढ मिळाली असती. तीन वर्षांत 1 लाख 89 हजार. सही झालेल्या करारात हेच आकडे 3,900, 5,850 आणि 7,800 झाले, म्हणजे 2 लाख 10 हजार 600. माणशी 21,600 जास्त. चारशे जणांचे 86 लाख 40 हजार, आणि त्यात पीएफ-ग्रॅच्युइटीचा भार किंवा सहा आठवड्यांचं बुडालेलं उत्पादन धरलेलंच नाही.

मला खरा धक्का बसला तो करार झाल्यावर फाईल लावताना. आत अकाउंट्सचा पेन्सिलनं लिहिलेला एक कागद होता, बोलणी सुरू होण्याआधीचा: "7,700 पर्यंत परवडेल, 40-30-30 असल्यास." खाली साहेबांचीच आद्याक्षरं. आपणच मान्य केलेल्या मर्यादेच्या आतला प्रस्ताव त्यांनी नाकारला होता. कागदावरचा एकही आकडा त्यांना खटकला नव्हता. खटकला होता तो आकडा बोलणारा माणूस.

मानसशास्त्रात याला 'रिअ‍ॅक्टिव्ह डीव्हॅल्युएशन' म्हणतात. समोरच्यानं देऊ केलं की त्या वस्तूचा भाव आपोआप उतरतो. स्टॅनफर्डचे ली रॉस आणि कॉन्स्टन्स स्टिलिंजर यांच्या गटानं अमेरिकेत रस्त्यावरच्या लोकांना अण्वस्त्रकपातीचा एक प्रस्ताव दाखवला होता. शीतयुद्धाचे दिवस होते. लांब पल्ल्याची अस्त्रं लगेच निम्मी करायची आणि पुढच्या पंधरा-एक वर्षांत सगळीच संपवायची, असा तो प्रस्ताव. काहींना सांगितलं की हा अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचा, काहींना सांगितलं सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा, काहींना सांगितलं तटस्थ अभ्यासकांचा. रेगन यांचं नाव लावलं तेव्हा 90 टक्के लोकांना तो अनुकूल वाटला, अभ्यासकांचं लावलं तेव्हा 80 टक्क्यांना आणि गोर्बाचेव्ह यांचं लावलं तेव्हा 44 टक्क्यांना. मजकूर तोच.

हे आकडे सांगताना सगळे 90 आणि 44 वर थांबतात. मला मधला 80 जास्त कामाचा वाटतो. आपल्या माणसाचं नाव लागल्यानं दहाच टक्के वाढले, प्रतिस्पर्ध्याचं नाव लागल्यावर मात्र छत्तीस गेले. म्हणजे तुझा प्रस्ताव युनियनच्या गळी उतरवायला तो त्यांना त्यांचा वाटलाच पाहिजे असं नाही. त्यावरचं तुझं नाव पुसलं तरी बहुतेक काम होतं.

पण आधी तुझ्या बाजूचं बघू. साहेबांची शंका निव्वळ मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं हित आपल्या उलट असेल तर त्यानं आनंदानं दिलेल्या गोष्टीकडे दोनदा बघावंच. अडत्यानं भाव न घासता माल उचलला की शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, ती उगीच नाही. प्रश्न असा आहे की शंकेचं बोट कागदावरच्या कोणत्या ओळीवर आहे? "त्यांना माहीत आहे आणि मला नाही" अशी नेमकी गोष्ट तुला सांगता आली पाहिजे. साहेब ऑर्डरबुक म्हणाले. मग सेल्सला एक फोन करायचा होता. ऑर्डरबुक खरंच आटलं असतं तर 7,500 नाकारायला आधार मिळाला असता, नसतं तर शंका तिथंच मिटली असती. तो फोन कुणी केला नाही, मीसुद्धा नाही. शंका तपासता येण्यासारखी असेल तर तपास. तपासायला काही सापडतच नसेल आणि तरीही प्रस्ताव कडू लागत असेल, तर तो कडूपणा कागदातला नाही.

आणि हे नुसतं ठाऊक असून भागत नाही. पूर्वग्रह आपल्याला आतून विवेकासारखाच वाटतो, म्हणून त्याला आधीच बांधून ठेवावं लागतं. बैठकीला जाण्यापूर्वी अकाउंट्सला घेऊन बस आणि काय काय स्वीकारू ते आकड्यांत लिही: एकूण वाढ, वर्षवार विभागणी, थकबाकीचे हप्ते. लिफाफा बंद कर. प्रस्ताव आला की जागेवर "बघते" एवढंच म्हण, वर ये, कुणाचंही नाव न लिहिता तो कोऱ्या कागदावर उतरव आणि त्या कागदाशेजारी लिफाफा उघड. आमच्याकडे तो पेन्सिलचा कागद होता, पण ऐन वेळी कुणी काढलाच नाही.

आता समोरच्या बाजूचं. तू दिलेलंही त्यांना कडूच लागणार. त्याच कंपनीत आम्ही पहिल्या पाळीची बस अर्धा तास उशिरा सोडायची तयारी दाखवली होती. वर्षभर ती त्यांचीच मागणी होती. आम्ही देतो म्हटल्यावर समितीत चर्चा सुरू झाली की यांना पाळीची वेळच बदलायची असणार.

यातली एक बारीक गोष्ट अजून कमी लोकांना माहीत आहे. स्टॅनफर्डमध्येच, विद्यापीठानं वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतली गुंतवणूक काढून घ्यावी म्हणून विद्यार्थ्यांची चळवळ चालली होती. पुढे दोन योजना होत्या. एकीत तिथल्या लष्कर-पोलिसांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून लगेच पैसा काढायचा, दुसरीत दोन वर्षांची मुदत देऊन मग सगळाच काढायचा. विद्यापीठ मुदतीची योजना स्वीकारणार असं ज्या विद्यार्थ्यांना सांगितलं, त्यांतल्या 85 टक्क्यांना पहिली योजना मोठी सवलत वाटली. विद्यापीठ पहिली योजना स्वीकारणार असं ज्यांना सांगितलं, त्यांतल्या 40 टक्क्यांनाच ती मोठी वाटली. जे ताटात पडतं ते हलकं आणि जे अजून ताटात नाही ते भारी. म्हणून एकच प्रस्ताव टेबलावर ठेवून "घ्या" म्हणू नकोस. तो ताटात पडलेला असतो.

त्याऐवजी तुझ्या दृष्टीनं सारख्याच खर्चाचे दोन-तीन पर्याय मांड. वरचंच उदाहरण घे: 40-30-30 ने 7,500 चा तीन वर्षांचा खर्च माणशी 1,89,000 येतो. 50-25-25 ने 7,000 दिले तर महिन्याला 3,500, 5,250, 7,000, म्हणजे पुन्हा बरोबर 1,89,000. कंपनीला तीन वर्षांत फरक शून्य. कामगारांना मात्र फरक आहे: पहिल्यात करार संपताना पगार 500 नं वरचा, दुसऱ्यात हातात पैसे लवकर. (चौथ्या वर्षी तो 500 कंपनीलाही जड जातो, हे अकाउंट्सकडून आधी मोजून घे.) दोन्ही ठेव आणि समितीला निवडू दे. निवडलेली गोष्ट निवडणाऱ्याची होते. गावाकडे वाटण्यांत एक भाऊ वाटे पाडतो आणि दुसरा आधी उचलतो, किंवा चिठ्ठ्या टाकतात. तिथंही वाटा कुणी "दिलेला" नसतो.

आणि पर्याय मांडण्याआधी त्यांना प्राधान्यक्रम विचार, त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर. आम्ही बसची तयारी दाखवण्याआधी "पहिल्या तीन गोष्टी कोणत्या?" असं विचारलं असतं आणि बस त्यात आली असती, तर नंतर तिच्यावर शंका घेणं त्यांनाच जड गेलं असतं.

गाडी अगदीच अडली तर तिसऱ्याच्या कागदावर या. सहायक कामगार आयुक्तांना दोघांशी वेगवेगळं बोलू दे, मग त्यांनीच एक मसुदा काढावा आणि दोघांनी त्यांना बंद लिफाफ्यात फक्त हो किंवा नाही कळवावं. दोन्ही हो आले तरच जाहीर करायचं. एकाचं नाही आलं तर दुसऱ्याचं हो बाहेरच येत नाही, त्यामुळे कुणाचा आकडा फुटत नाही. 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायल यांच्यात अमेरिकेनं याच जातीची वाट धरली होती. मसुदा अमेरिकेच्या हातात, दोन्ही बाजूंनी फक्त टीका करायची. तेरा दिवसांत तेवीस मसुदे झाले असं सांगतात. मात्र आपलाच प्रस्ताव तिसऱ्याच्या नावानं गुपचूप पेरायचा मोह टाळ. तो उघडा पडला की पुढचे दोन करार तरी त्या मध्यस्थाच्या कागदालाही तुझाच वास येत राहील.

टेबलावर "तुम्ही आम्ही दिलंय म्हणूनच नाही म्हणताय" असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. खरं असलं तरी तो आरोपच होतो, आणि तोही आपल्या बाजूनं आलेला.

आत्ता मात्र आधी त्यांच्या खाली आलेल्या आकड्याकडे बघ. तो तुमच्या मर्यादेच्या आत आहे का, हे तू फोनवर सांगितलंच नाहीस. अकाउंट्सकडे तसा कागद असेल, बहुधा पेन्सिलचाच. उद्या सकाळी माग.

तुझा,
काका